पेज ऑफ वाँड्स : आवडीचा निरोप खरा, पण टिकणारा आहे का?

ओळख होऊन दोनच दिवस झालेले असतात आणि रात्री उशिरा एक लांबलचक मेसेज येतो. शब्दाशब्दांत उत्साह असतो, पुढचे बेत असतात, उद्गारचिन्हांची रेलचेल असते. वाचणाऱ्याच्या मनात एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. याला खरंच माझ्यात रस आहे का? आणि असला, तरी तो महिन्याभराने राहील का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या मेसेजमध्येच बरंचसं असतं. दुसऱ्याचं त्यात कुठेच नसतं. टॅरो वाचणाऱ्याकडे माणसं येतात ती बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नासाठी, आणि अशा वेळी मांडणीत पेज ऑफ वाँड्स निघाला की वाचन हमखास घसरतं. पत्ता पाहून रीडर म्हणतो, "वा, छान बातमी आहे!" विचारणारी व्यक्ती खूश होऊन घरी जाते, पण तिचा खरा प्रश्न तसाच राहिलेला असतो.

हा पत्ता नेमकं काय सांगतो, काय सांगत नाही, आणि टिकाऊपणाचा अंदाज घ्यायचा तर तो कुठून घ्यायचा, हे या लेखात पाहू.

पत्त्यावर काय आहे

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. त्यातले २२ मोठ्या संचातले आणि ५६ लहान संचातले. लहान संच आपल्या खेळाच्या पत्त्यांच्या जवळचा आहे. त्यात चार रंग असतात: वाँड्स म्हणजे काठ्या, कप्स म्हणजे पेले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. फरक इतकाच की आपल्याकडे गुलाम, राणी, राजा अशी तीन चित्रं असतात, तर टॅरोत प्रत्येक रंगाची चार असतात: पेज, नाइट, क्वीन आणि किंग. पेज यातला सगळ्यांत धाकटा. दरबारात निरोप पोचवणारा, अजून शिकत असलेला पोरगा.

आज सर्वांत जास्त वापरात असलेली चित्रं १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनाने छापली. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिच्या चित्रात एक तरुण ओसाड वाळवंटात उभा आहे. टोपीला लाल पीस आहे. पिवळ्या अंगरख्यावर सॅलमँडर काढले आहेत, म्हणजे आगीत राहतो अशी जुन्या युरोपात समजूत असलेला सरड्यासारखा प्राणी. दोन्ही हातांनी त्याने एक उंच काठी जमिनीवर टेकवून धरली आहे आणि मान वर करून तो तिच्या टोकाकडे पाहतो आहे. काठी वाळलेली नाही, तिला कोवळी पानं फुटली आहेत. मागे पिरॅमिडसारखे उंचवटे दिसतात. झाड नाही, पाणी नाही, गवताची काडीही नाही.

वाँड्स हा अग्नीचा रंग मानतात: उत्साह, इच्छा, पुढाकार. पेज म्हणजे कोवळं वय आणि निरोप. दोन्ही एकत्र आणले की "उत्साहाने आलेला आवडीचा निरोप" हा अर्थ सरळ तयार होतो. वेट यांनी पत्त्यांवर जे पुस्तक लिहिलं त्यातही या पेजला प्रियकर, दूत आणि पोस्टमन अशी विशेषणं लावली आहेत, आणि तो निष्ठावान असल्याचं म्हटलं आहे. मात्र पत्ता उलटा निघाला तर याच्याच नावापुढे अनिश्चितता आणि तिच्यातून येणारी अस्थिरता मांडली आहे. सरळ असताना निष्ठा आणि उलटा झाला की डळमळीतपणा, अशा दोन्ही शक्यता एकाच पत्त्यात दिल्या आहेत, त्यामुळे एकट्या पत्त्यावरून टिकाऊपणा ठरवणं तिथेच अवघड होतं.

फांदी रोवली, पानं फुटली

पावसाळ्याच्या तोंडावर शेवग्याची जाड फांदी तोडून परसात रोवून पाहा. काही दिवसांत तिच्यावर हिरवे कोंब दिसू लागतात. घरातली मुलं ओरडत येतात, "झाड लागलं!" जाणता माणूस मात्र इतक्यात काही बोलत नाही. त्याला माहीत असतं की हे पहिले कोंब फांदीत आधीपासून साठलेल्या रसावर फुटतात. त्यासाठी मुळं असावी लागत नाहीत. साठा संपेपर्यंत खाली मुळं धरली तर झाड लागतं. नाही धरली, तर तीच पानं माना टाकतात. म्हणून पहिल्या पालवीवरून फांदी जिवंत आहे एवढंच कळतं. लागली की नाही हे दुसऱ्या पालवीवरून कळतं.

पेज ऑफ वाँड्सच्या हातातली काठी अशीच आहे: तोडलेली, तरी पानं फुटलेली. पानं खरी आहेत. म्हणून "त्याच्या मेसेजमध्ये खरेपणा आहे का?" या प्रश्नाला हा पत्ता मनापासून होकार देतो. त्या क्षणी त्याला जे वाटलं तेच त्याने लिहिलं, त्यात हिशोब नाही. पण तो उभा आहे वाळवंटात. शेजारी पेज ऑफ पेंटॅकल्स ठेवून पाहा म्हणजे फरक लगेच डोळ्यांत भरतो. तोही तरुण, तोही हातातल्या वस्तूकडे एकटक पाहणारा. मात्र त्याच्या पायाखाली फुलांचं हिरवं कुरण आहे आणि मागे नांगरलेली जमीन. दोघांच्या नजरेत फारसा फरक नाही, फरक आहे तो जमिनीत.

म्हणूनच टिकाऊपणाबद्दल पेज ऑफ वाँड्स स्वतः गप्प असतो. काही रीडर त्याला "फसवा" किंवा "टाइमपास करणारा" ठरवतात. मला ते अजिबात पटत नाही. चित्रात फसवणुकीचं एकही चिन्ह नाही. पत्ता जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालणं हीच चुकीच्या वाचनाची सुरुवात असते, मग ते गोड असो वा कडू.

आधी ठरवा: हा निरोप की माणूस?

दरबारी पत्त्यांची एक अडचण आहे. पेज निघाला तर तो आलेला मेसेज असू शकतो, मेसेज पाठवणारी व्यक्ती असू शकते किंवा प्रश्न विचारणाऱ्याची स्वतःची अवस्थाही असू शकते. तिन्ही वाचनं परंपरेत मान्य आहेत, आणि पत्ता पाहिल्यावर सोयीचं ते निवडलं की काहीही सिद्ध करता येतं. म्हणून जागा पत्ते उघडण्याआधीच ठरवायची. पहिली जागा "मेसेजमागे काय आहे" अशी ठरवली, तर तिथे आलेला पेज निरोपाचाच वाचायचा. जागा "मी यात कशी आहे" अशी असेल, तर उत्साह विचारणारीचा आहे, समोरच्याचा नाही. हे शेवटचं वाचन रीडर बऱ्याचदा टाळतात, कारण ऐकणाऱ्याला ते आवडत नाही. पण कित्येकदा नेमकं तेच उपयोगी पडतं.

वेट यांनी दिलेला एक बारकावा इथे सांगण्यासारखा आहे. या पेजमागोमाग पेज ऑफ कप्स आला, तर पहिल्याला धोकादायक प्रतिस्पर्धी मानावं, असं ते म्हणतात. म्हणजे दोन तरुण एकापाठोपाठ आले की मांडणीत दोन माणसं असण्याची शक्यता धरायची. आज हे शब्दशः घ्यायची गरज नाही. पण दोन दरबारी पत्ते शेजारी आले की "इथे आणखी कोणी आहे का?" हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा.

शेजारचे पत्ते जमीन दाखवतात

पेज कुठे रोवला गेला आहे हे शेजाऱ्यांवरून कळतं. सगळे शेजारी इथे सांगत बसत नाही. टिकाऊपणाच्या प्रश्नात वारंवार येणारे आणि वाचनाची दिशा बदलणारे काही पाहू.

एट ऑफ वाँड्सवर आठ काठ्या हवेतून झेपावताना दिसतात आणि चित्रात माणूसच नाही. हा वेगाचा पत्ता. पेजशेजारी आला की मेसेजवर मेसेज येतील, पण वेग म्हणजे टिकाव नव्हे. अनुभव नसलेला रीडर इथे सर्वांत जास्त चुकतो, कारण दोन्ही पत्ते उत्साहाचे, म्हणून त्याला उत्तर दुप्पट चांगलं वाटतं. प्रत्यक्षात पालवी वाढली, जमीन आहे तशीच राहिली.

नाइट ऑफ वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचलून निघण्याच्या पवित्र्यात आहे, आणि वेट यांच्या अर्थांत प्रस्थान, दूर असणं हे शब्द येतात. पेजनंतर हा आला तर आवड कृतीत उतरते, माणूस भेटायलाही येतो, पण तसाच पुढे निघूनही जातो.

सेव्हन ऑफ कप्सवर ढगांत तरंगणारे सात पेले आहेत आणि समोर उभी असलेली आकृती नुसती सावली आहे. इथे आवड प्रत्यक्ष माणसापेक्षा मनात रंगवलेल्या चित्रावर जडलेली असण्याची शक्यता जास्त.

उलट फोर ऑफ वाँड्सवर त्याच काठ्या चार बाजूंना रोवलेल्या आहेत, त्यांवर फुलांची माळ बांधली आहे आणि मागे वाडा दिसतो. रंग पेजचाच, पण काठी हातात धरलेली नाही, जमिनीत उभी केली आहे. या प्रश्नात मला सर्वांत आश्वासक वाटणारा शेजारी हाच. नाइट ऑफ पेंटॅकल्सही तसाच. त्याचा घोडा जागेवर उभा आहे, मागे नांगरलेलं शेत. उत्साह कमी, पण दिलेला शब्द पाळणारा.

पेल्यांचे पत्ते आले तर रीडरांत मतभेद होतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने तत्त्वांची एक पद्धत बसवली. तिच्यात अग्नी आणि पाणी एकमेकांचं बळ कमी करतात, म्हणजे वाँड्सशेजारी कप्स आले की दोन्ही दुबळे. चित्र पाहून वाचणारे मात्र टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर पेले धरून उभी पाहतात आणि परस्पर ओढ वाचतात. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. स्मिथने प्रत्येक अंकाच्या पत्त्यावर प्रसंग रंगवला आहे, आणि तो बाजूला सारून फक्त तत्त्वांचा मेळ जुळवला तर तिच्या चित्रांना अर्थच उरत नाही. कुठलीही पद्धत घ्या, पण एका वाचनात एकच घ्या.

एक मांडणी, पायरी पायरीने

समजा, एका लग्नात दोघांची ओळख झाली. ती कोल्हापूरची, तो नोकरीसाठी बंगळुरूला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "काल तू सांगितलेली देवराईची गोष्ट डोक्यातून जातच नाहीये! आपण एकदा जाऊया तिकडे. आणि तिथले फोटो असतील तर पाठव ना!" पुढे चार दिवस भरपूर गप्पा, नंतर दोन-तीन दिवसांआड एखादा मेसेज. तिचा प्रश्न: "याला रस आहे का, आणि तो टिकेल का?"

एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, म्हणून जागा तीन ठरवल्या. पहिली: मेसेजमागे काय आहे. दुसरी: त्या आवडीला सध्या कशावर उभं राहायचं आहे. तिसरी: तिने प्रतिसाद दिला तर पुढची चाल कशी असेल. पत्ते निघाले पेज ऑफ वाँड्स, टू ऑफ पेंटॅकल्स आणि नाइट ऑफ पेंटॅकल्स, तिन्ही सरळ.

पहिल्या जागी पेज: आवड खरी आहे. मेसेज पुन्हा वाचला तर त्याला दुजोराही मिळतो. त्याने तिच्या दिसण्याची सरसकट स्तुती केलेली नाही, तिने सांगितलेली एक नेमकी गोष्ट लक्षात ठेवली आहे. पण पेजचं कोवळेपणही त्यातच आहे. "एकदा जाऊया" यात तारीख नाही.

दुसऱ्या जागी टू ऑफ पेंटॅकल्स: नाचत नाचत दोन नाणी खेळवणारा तरुण, मागे उंच लाटांवर डोलणारी गलबतं. जमीन ओसाड नाही, पण आधीच वाटली गेलेली आहे. काम, शहर, प्रवास, घर, यांत वेळ विभागला जातो आहे. मेसेज कमी होण्याचं कारण आवड ओसरणं हेच आहे, असं या पत्त्यावरून म्हणता येत नाही. इथे सेव्हन ऑफ कप्स निघाला असता तर मी नेमकं उलट बोलले असते.

तिसऱ्या जागी नाइट ऑफ पेंटॅकल्स: तिने हात पुढे केला तर चाल मंद राहील, पण थांबणार नाही. आधीच्या चार दिवसांचा भर पुन्हा येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

वाचन इथे संपवलं तर ते अर्धवट राहील. त्यातून तपासता येईल असं काहीतरी निघायला हवं. तिने त्याला एक साधी, ठरलेल्या दिवसाची गोष्ट सुचवावी: "पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मी देवराईला जाणार आहे, येतोस का?" वाचन बरोबर असेल तर तो उशिरा का होईना, पण दिवसाला धरून उत्तर देईल. त्या शनिवारी जमत नसेल तर दुसरा दिवस स्वतःहून सुचवेल. उत्तरात पुन्हा नुसता उत्साह आला, "हो हो, नक्की जाऊया!" आणि दिवस टाळला गेला, तर वाचन चुकलं असं स्पष्ट म्हणायचं. पत्त्यांचा अर्थ वळवून ते वाचवायचं नाही.

चौकट : मेसेजमधली दुसरी पालवी

पहिल्या भरात लिहिलेलं बाजूला ठेवा आणि भर ओसरल्यानंतरचे मेसेज पाहा. त्यात तुम्ही आधी सांगितलेल्या गोष्टीचा धागा पुढे नेलेला आहे का? बेताला दिवस, वेळ, जागा मिळाली का? ठरलेलं मोडलं तर नवा दिवस त्याने स्वतःहून दिला का? निदान दोन प्रश्नांना होकार मिळाला, तर मुळं धरत आहेत असं समजायला हरकत नाही. उत्तराला किती मिनिटं लागली आणि किती इमोजी आले, यावरून काही ठरवू नका.

पत्ता उलटा आला तर

सगळे रीडर उलटे पत्ते वाचत नाहीत. वाचायचे असतील तर पत्ते पिसतानाच अर्धी थप्पी फिरवून घ्यावी लागते. उलट्या पेजचे या प्रश्नात दोन अर्थ जास्त पटतात: आवड आहे पण ती बोलून दाखवायला माणूस कचरतो आहे, किंवा आवड जागी होऊन डळमळू लागली आहे. दोन्हींत निवड कशी करायची? मेसेज आलेलाच नसेल, तर पहिला अर्थ घ्या. मेसेज आला आणि सूर बदलत गेला असेल, तर दुसरा. म्हणजे निवड पत्त्यावरून होत नाही, घडलेल्या गोष्टींवरून होते.

वेळेच्या अंदाजाबद्दल इतकंच सांगते. वाँड्स म्हणजे दिवस असं काही जण शिकवतात, तर काही जण आठवडे म्हणतात. ज्यावर परंपरेतच एकमत नाही, त्यावर "पंधरा दिवसांत उत्तर येईल" असं कोणाला सांगू नये.

या वाचनाची मर्यादा

तीन पत्त्यांच्या मांडणीत कुठलाही एक ठरावीक पत्ता येण्याची शक्यता ७८ मध्ये ३, म्हणजे सव्विसात एक असते. पिसलेल्या कॅटमधून पेज निघाला याचा बंगळुरूतल्या त्या तरुणाच्या मनाशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. पत्ता दुसऱ्याचं मन वाचत नाही. तो विचारणाऱ्यासमोर प्रश्नाची नीट मांडणी करतो: आवडीचा खरेपणा वेगळा, तिची जमीन वेगळी, पुढची चाल वेगळी. एरवी या तिन्ही गोष्टी मनात एकाच गुंत्यात पडलेल्या असतात.

इथे एक सापळा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि सगळ्यांना "हे तुमचं स्वभाववर्णन" म्हणून एकच मजकूर दिला. तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले. मोघम वाक्य प्रत्येकाला आपलंच वाटतं. "त्याला रस आहे, पण तो थोडा गोंधळलेला आहे" हे वाक्य जवळजवळ कोणत्याही नव्या ओळखीला चिकटतं. म्हणूनच वरच्या उदाहरणात शनिवारचा दिवस आणला. खोटं ठरू शकेल असं वाक्य वाचनातून निघालं नाही, तर ऐकणारी व्यक्ती समाधान घेऊन जाते, माहिती घेऊन जात नाही.

आणखी एक चूक मी फार वेळा पाहते: मनासारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा पत्ते काढणं. सव्विसात एक हे प्रमाण लक्षात घेतलं, तर पुरेशा वेळा पिसल्यावर हवा तो पत्ता निघणारच. सकाळी पेज, दुपारी नाइट, संध्याकाळी फोर ऑफ वाँड्स, आणि यातला शेवटचा "खरा". अशा वाचनात पत्त्यांना बोलायला जागाच उरत नाही. एका प्रश्नाला एक मांडणी पुरे. परिस्थितीत काही नवं घडलं, भेट झाली, नकार आला किंवा ठरलेला दिवस टळला, तरच पुन्हा मांडावी.

रीडरकडे जाणार असाल तर मेसेज सोबत घेऊन जा, पहिला आणि अगदी अलीकडचा, दोन्ही. पत्ते उघडण्याआधी प्रत्येक जागेचा अर्थ त्यांना बोलून दाखवायला सांगा. पेज ऑफ वाँड्स निघाला आणि समोरून फक्त "अभिनंदन, त्याला तुम्ही आवडता!" इतकंच ऐकू आलं, तर विचारा: "हे टिकतं आहे हे मला कशावरून कळेल, आणि टिकत नाही हे कशावरून?" चांगला रीडर या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देईल, किंवा सांगता येत नाही असं सरळ सांगेल.